रेघ कुठे थांबते?

तळोजा, फेज 1
इयत्ता दहावीच्या सर्व पालकांना



शनिवारची पालकसभा संपली, वर्ग रिकामा झाला, तरी एक वडील मागच्या बाकावर बसून होते. एमआयडीसीत फिटर आहेत, पहिल्या पाळीहून थेट आले होते. मुलीची पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका पुढे सरकवून त्यांनी विचारलं, ‘‘बाई, चित्र इतकं सुंदर काढलंय, मग तीनपैकी दीडच का?’’

चित्र खरंच सुंदर होतं. प्रश्न होता, ‘मानवी डोळ्याची सुबक आकृती काढून कोणत्याही चार भागांना नावे द्या.’ तिनं पापणीचे केससुद्धा एकेक करून काढले होते आणि बुबुळाला अशी छटा दिली होती की डोळा आपल्याकडे बघतोय असं वाटावं. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका मुलाची आकृती होती. नुसत्या रेघा, छटा कुठेच नाही, गोल जरासा डगमगलेला. त्याला तीनपैकी तीन मिळाले होते.

त्यांना मी तिथल्या तिथे जे सांगितलं ते घाईचं होतं. म्हणून दोन्ही मुलांना विचारून, त्यांच्या आकृत्या समोर ठेवून हे पत्र सगळ्यांसाठी लिहिते आहे. डोळ्यात प्रकाश ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं आपण या दोन आकृत्या वाचू. ते गुण कुठे गेले आणि का गेले, हे वाटेत आपोआप दिसेल.

आधी गुणांचा हिशेब सांगते. बोर्डाच्या परीक्षेत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग असतात. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा 40 गुणांची आणि वेळ दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, आणि तीन गुणांच्या आकृतीला फार तर नऊ मिनिटं. प्रश्न ‘आकृती काढा’ एवढ्यावर थांबत नाही, ती नामनिर्देशित हवी असते. हा शब्द मुलं वाचतात आणि पुढे जातात, पण अर्धेअधिक गुण त्याच शब्दात असतात. तपासणाऱ्याच्या हाती नमुना उत्तर असतं आणि त्यात गुण फोडून दिलेले असतात, इतके आकृतीला, इतके नावांना. ही फोड प्रश्नागणिक बदलते. आमच्या पूर्वपरीक्षेत मी ती अशी केली होती: आकृतीला एक गुण, आणि चार नावांना प्रत्येकी अर्धा याप्रमाणे दोन. सुंदर दिसण्याला वेगळा गुण नव्हता. पापण्यांच्या केसांना तर नव्हताच, कारण प्रश्न डोळ्याच्या आतल्या रचनेचा होता.

आता डोळ्याच्या दारातून आत जाऊ.

सगळ्यात पुढे पारपटल असतं, काचेसारखं पारदर्शक. बाकीचा डोळा सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचा गोळा आहे, पण पुढचा हा भाग त्या गोळ्यातून थोडा फुगून बाहेर आलेला असतो. घड्याळाची फुगीर काच असते ना, तसा. मुलीनं कंपासनं नेटका गोल काढला आणि त्याच्याच कडेला पारपटल म्हटलं. मुलाच्या डगमगत्या गोलाला पुढे मात्र स्पष्ट फुगवटा होता.

हा फुगवटा शोभेचा नाही. प्रकाश डोळ्यात शिरताना जो वाकतो, त्यातला साधारण दोनतृतीयांश इथेच वाकतो, आतल्या भिंगात नाही. हवेतून आलेला किरण त्या वक्र, ओल्या पृष्ठभागावर पडतो आणि वळतो. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर का दिसतं, याचं उत्तर याच फुगवट्यात आहे. पाणी आणि पारपटल प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून पाण्यातून पारपटलात शिरताना किरण जवळजवळ वळतच नाही, आणि डोळ्याची निम्म्याहून जास्त ताकद गळून पडते. पोहायचा चष्मा लावला की पाणी आणि पारपटल यांच्यामध्ये हवेचा एक पातळ थर परत येतो, आणि तळाचा खडा लख्ख दिसतो. एका वक्र रेघेत एवढं सगळं आहे. गोल सपाट काढला की ते सगळं विधानच पुसलं जातं.

मी विधान म्हणते आहे, कारण मी आकृती तशीच तपासते. आकृतीतली प्रत्येक रेघ काहीतरी सांगत असते, हे इथे आहे, याचा आकार असा आहे, हे त्याच्या पुढे आणि त्याच्या मागे आहे. तपासणारा ती विधानं वाचतो आणि खरीखोटी ठरवतो.

पारपटलाच्या मागे बुबुळ आणि त्याच्या मधोमध बाहुली. इथे मुलीचा पहिला अर्धा गुण गेला, आणि दरवर्षी इतक्या मुलांचा जातो की यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. तिनं ‘बाहुली’ असं नाव बरोबर लिहिलं, शुद्ध लिहिलं, पट्टीनं सरळ रेघ ओढली. पण ती रेघ जाऊन थांबली बुबुळाच्या गडद पट्ट्यावर. म्हणजे कागदावर तिचं विधान झालं, ‘हा गडद मांसल पडदा म्हणजे बाहुली.’ तो पडदा म्हणजे बुबुळ. बाहुली हा अवयवच नाही. ती त्या पडद्यातलं छिद्र आहे, नुसती मोकळी जागा. त्यामुळे बाहुली दाखवणारी रेघ वरच्या आणि खालच्या बुबुळाच्या मधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे कागदाच्या कोऱ्या भागावर थांबायला हवी. मुलाची रेघ तिथेच थांबली होती. तपासताना नाव वाचलं, रेघेवरून नजर नेली, ती पोकळीत उतरली, आणि अर्धा गुण दिला.

मुलांचा गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. घरी आपण डोळ्यातल्या अख्ख्या काळ्या चकतीलाच बुबुळ म्हणतो. आपल्याकडे डोळे गडद असतात, त्यामुळे मधलं काळं छिद्र आणि भोवतीचा तपकिरी पडदा वेगळे दिसत नाहीत. ते दिसावेत यासाठी संध्याकाळी मुलांना खिडकीजवळ आरशासमोर उभं करा. एक डोळा तळहातानं अर्धा मिनिट झाकायचा आणि मग हात झटकन काढायचा. मधलं काळं वर्तुळ डोळ्यांदेखत लहान होतं, आणि तपकिरी पडदा तेवढाच रुंद होतो. प्रखर उजेडात बाहुलीचा व्यास साधारण 2 मिलिमीटर असतो, काळोखात तरुण डोळ्यात तो 8 मिलिमीटरपर्यंत जातो. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. फेज 2 मधली वीज गेली की सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू भिंतीची कड दिसू लागते, त्या कामात या छिद्राचाही वाटा असतो. (मोठा वाटा दृष्टिपटलातल्या रसायनांचा असतो, पण तो विषय आज नको.) ज्या मुलानं हे एकदा आरशात पाहिलं, त्याची रेघ पुन्हा पडद्यावर थांबत नाही.

आणि हिला बाहुली का म्हणतात? कुणाच्या डोळ्यात अगदी जवळून पाहा. त्या काळ्या वर्तुळात आपलीच एक इवलीशी मूर्ती दिसते, बाहुलीएवढी. ती पारपटलावर पडलेली आपली प्रतिमा असते. लॅटिन भाषेतही या छिद्राला दिलेल्या नावाचा अर्थ लहान मुलगी किंवा बाहुली असाच आहे, आणि इंग्रजीतलं प्युपिल त्यातूनच आलं. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसांनी शेजारच्याच्या डोळ्यात डोकावून एकच गोष्ट पाहिली आणि एकच नाव दिलं. हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मुलं लगेच शेजाऱ्याच्या डोळ्यात बघायला वळतात.

बाहुलीच्या लगेच मागे भिंग. मुलीची भिंगाची रेघ भिंगावरच होती, म्हणून त्या नावाचा अर्धा गुण मिळाला. पारपटलाचाही मिळाला, कारण ते चपटं असलं तरी रेघ योग्य थरावर टेकली होती. पण आकृतीच्या एका गुणातला अर्धा मी कापला. एक कारण तो नसलेला फुगवटा. दुसरं कारण भिंगाची जागा. तिनं भिंग गोलाच्या मधोमध काढलं होतं, बुबुळापासून बरंच दूर.

या चुकीबद्दल मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंद्रेआस व्हेसॅलियस हा शरीररचनाशास्त्राचा फार मोठा माणूस. 1543 साली त्याचा मानवी शरीरावरचा ग्रंथ निघाला, त्यातल्या आकृत्या आजही थक्क करतात. पण डोळ्याच्या आकृतीत त्यानं भिंग गोळ्याच्या केंद्रात दाखवलं आहे. जुन्या विद्वानांची समजूत होती की बघण्याचं काम भिंग करतं, तेच डोळ्याचं मुख्य आसन. मग मुख्य वस्तू मध्यभागी असणार, असं मनानं धरलं आणि हातानं काढलं. पुढे 1604 मध्ये केप्लरनं दाखवलं की भिंग फक्त प्रकाश गोळा करतं, चित्र उमटतं ते मागच्या पडद्यावर, आणि तेही उलटं. 1619 मध्ये क्रिस्टोफ शायनर यानं डोळ्याचा जो छेद छापला त्यात भिंग पुढे सरकलेलं होतं, पारपटल फुगीर होतं आणि दृष्टिचेताही योग्य जागी होती. व्हेसॅलियसपासून शायनरपर्यंत 76 वर्षं गेली. भिंग पुढे सरकवणं म्हणजे नुसती एक रेघ हलवणं नव्हतं, आपण कशानं पाहतो याचा विचार बदलणं होतं. भिंग आणि मागचा पडदा यांच्यात मोठी मोकळी जागा राहिली तरच चित्र पडायला अंतर मिळतं. या मुलीनं भिंग मधोमध काढलं तेव्हा तिच्या मनातही तोच जुना, साहजिक विचार असणार.

भिंगाच्या मागे पारदर्शक द्रवानं भरलेली पोकळी, आणि तिच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेलं दृष्टिपटल. इथे मुलीचा तिसरा अर्धा गुण अडकला. नाव बरोबर, दिशा बरोबर, पण रेघ भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच, पोकळीत थांबली. पट्टीनं मोजलं तर चार मिलिमीटर आधी. बाहुलीच्या वेळी रेघ मोकळ्या जागेत थांबायला हवी होती आणि ती पडद्यावर टेकली. दृष्टिपटलाच्या वेळी ती पडद्यावर टेकायला हवी होती आणि मोकळ्या जागेत थांबली. दोन्ही वेळा भागाचं नाव तिला येत होतं, जागाही माहीत होती. फक्त रेघेचं टोक वाचलं जातं हे माहीत नव्हतं.

काही पालक म्हणतील की चार मिलिमीटरसाठी अर्धा गुण कापणं कठोर आहे. तपासणाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याला मूल ओळखीचं नसतं, उत्तरपत्रिकेवर नाव दिसत नाही, बाजूला विचारायलाही कुणी नसतं. त्याच्यापुढे असतो एक शब्द, एक रेघ आणि रेघेचं टोक. टोक जर पोकळीत असेल तर ‘या पोकळीचं नाव दृष्टिपटल’ हेही त्या मुलाचं म्हणणं असू शकतं, आणि खरोखर तसं समजणारी मुलं वर्गात असतात. दोघांना सारखे गुण दिले तर माहीत असणाऱ्यावर अन्याय होतो. टोक थराच्या अगदी जवळ असेल, शेजारी दुसरा कुठला भाग नसेल, तर बरेच शिक्षक गुण देतात, मीही देते. डोळ्यात मात्र थर एकमेकांना खेटून असतात. तिथे अंदाजाला जागा कमी.

तिचा हिशेब आता पुरा झाला. आकृतीचा अर्धा, पारपटलाचा अर्धा, भिंगाचा अर्धा, एकूण दीड.

मुलाच्या आकृतीत एक चूक होती, तीही सांगते. त्यानं ‘दृष्टीपटल’ असं दीर्घ लिहिलं होतं. मी तो अर्धा गुण दिला. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी शब्द ओळखू येतो आणि दुसऱ्या कुठल्या भागाचं नाव होत नाही, तोवर विज्ञानाच्या पेपरात मी गुण कापत नाही. पण नुसतं ‘पटल’ लिहिलं तर शून्य, कारण डोळ्यात पारपटल आहे आणि दृष्टिपटलही आहे, आणि दोघांची कामं अगदी वेगळी आहेत. एक प्रकाशाला आत घेतं, दुसरं त्याचं संदेशात रूपांतर करतं.

आता पुन्हा त्या फिटर वडिलांकडे येते, कारण त्या दिवशी त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली. मी सांगत होते की नाव दाखवणाऱ्या रेघेला बाणाचं टोक काढू नये, रेघ साधी असावी, आणि रेघांनी एकमेकींना ओलांडू नये. ते म्हणाले, ‘‘बाई, आमच्या ड्रॉइंगवर तर बाण असतो.’’ आणि त्यांनी कागदाच्या कडेला काढून दाखवलं. यंत्राच्या नकाशावर सूचना देणारी रेघ एखाद्या कडेवर टेकत असेल तर तिच्या टोकाला बाण काढतात, आणि ती भागाच्या आत, म्हणजे पृष्ठभागावर थांबत असेल तर बाणाऐवजी ठिपका देतात. भारतीय मानक ब्युरोचं शाळा-कॉलेजांसाठी ड्रॉइंगचं एक पुस्तक आहे, एसपी 46 नावाचं, त्यात हाच नियम आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण एवढ्या नीट मी त्याकडे पाहिलं नव्हतं. टोक कडेवर आहे की आत आहे, हे वाचणाऱ्याला क्षणात कळावं म्हणून कारखान्याच्या नकाशात दोन वेगळी चिन्हं ठरवली आहेत. कारण तिथे गैरसमज झाला तर अर्धा गुण जात नाही, भोक चुकीच्या जागी पडतं.

मग विज्ञानाच्या आकृतीत बाण का नको? आपल्याकडे बाणाला दुसरं काम आधीच दिलेलं आहे. प्रकाशाच्या आकृतीत बाण म्हणजे प्रकाश कुठून कुठे चालला. विद्युतमंडलात तो विद्युतधारेची दिशा दाखवतो, हृदयाच्या आकृतीत रक्ताची. डोळ्याच्या आकृतीत बाहुलीकडे जाणाऱ्या रेघेला बाण काढला तर ती रेघ प्रकाशकिरणासारखी दिसू लागते. उलट बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढताना बाण नसला तर किरण कुठून निघाला हेच सांगितलं जात नाही, आणि तिथे बाण नसल्याचा गुण जातो. एकच खूण एका आकृतीत हवी आणि दुसरीत नको, याचं कारण कळलं की मुलांना नियम पाठ करावा लागत नाही. ज्या घरात कुणी फिटर, वेल्डर, ड्राफ्ट्समन आहे, त्यांनी कारखान्याचा एखादा जुना, निरुपयोगी नकाशा मिळत असेल तर मुलांना जरूर दाखवा.

प्रकाशाची वाट संपली, पण डोळा संपला नाही. दृष्टिपटलावरून निघालेले सुमारे दहा लाख तंतू एकत्र येऊन दोरासारखे मागून बाहेर पडतात आणि मेंदूकडे जातात. ती दृष्टिचेता. बहुतेक मुलं ती भिंगाच्या अगदी समोर, गोलाच्या बरोबर मागच्या टोकाला काढतात. खरं सांगायचं तर शालेय परीक्षेत एवढ्यासाठी सहसा गुण कापला जात नाही, मीही कापला नाही. तरीही मी प्रत्येक वहीत ती खोडून थोडी बाजूला काढून देते. कारण काय ते आज जेवणानंतर सगळ्यांनी मिळून करून बघा.

वहीच्या रेघी पानावर एका ओळीत डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर चवळीच्या दाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघा. ठिपका कडेनं दिसत राहील, त्याच्याकडे वळायचं नाही. वही हातभर लांब धरा आणि सावकाश जवळ आणा. साधारण 30 सेंटिमीटरवर आली की ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणली की परत येतो.

ठिपका गेला तेव्हा त्याची प्रतिमा बरोबर त्या जागी पडली होती जिथून दृष्टिचेता डोळ्याबाहेर पडते. तिथे तंतूंची दाटी असते, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी नसतात, म्हणून तेवढ्यापुरता डोळा आंधळा. फ्रान्समध्ये एड्म मारिओत यानं 1660 च्या दशकात हे पहिल्यांदा शोधून दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं हे भोक डोळ्यात घेऊन वावरत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. का नव्हता, तेही त्याच वहीत दिसतं. ठिपका गेला की तिथे काळं भोक दिसत नाही. पानाचा पांढरा रंग दिसतो, वहीची निळी रेघसुद्धा अखंड जाताना दिसते. शेजारी जे आहे त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. मी हे शेकडो वेळा केलं असेल, पण ती रेघ जुळताना दिसली की अजून अंगावर काटा येतो.

आता ती चेता भिंगाच्या बरोबर समोर असती तर? ज्या वस्तूकडे आपण रोखून बघतो नेमकी तीच दिसली नसती. वाचताना अक्षर नाहीसं, बोलताना समोरच्याचा चेहरा नाहीसा. ती नाकाच्या बाजूला सरकलेली आहे म्हणून हा आंधळा बिंदू नजरेच्या कडेला पडतो, आणि दोन्ही डोळ्यांचे बिंदू वेगवेगळ्या बाजूंना असल्यानं एकाची उणीव दुसरा भरतो. 8 सेंटिमीटर आणि 30 सेंटिमीटर या दोन आकड्यांवरून मुलं स्वतः कोन काढू शकतात, तो साधारण 15 अंश येतो. चेता मधोमध काढणाऱ्याला गुण मिळतीलही, पण त्यानं काढलेल्या डोळ्यानं त्याला प्रश्नपत्रिका वाचता आली नसती.

सरावाचं एवढंच. घरी नवी आकृती काढून घेण्याआधी जुनीच घ्या. नावं हातानं झाका आणि फक्त रेघेच्या टोकावर बोट ठेवून विचारा, ‘इथे काय आहे?’ तुम्हाला उत्तर माहीत नसलं तरी चालेल, पुस्तक उघडून दोघांनी मिळून ताडून बघा. नाव एक आणि टोक दुसरीकडे असेल तर ते लगेच उघडं पडतं. मग घड्याळ लावून नऊ मिनिटांत एक आकृती. पहिली चार मिनिटं बाह्यरेषा आणि आतले भाग, पुढची तीन मिनिटं पट्टीनं रेघा आणि नावं, उरलेली दोन मिनिटं टोकं तपासायला. टोकदार पेन्सिल हवी, कारण बोथट पेन्सिलीचं टोकच दीड मिलिमीटर जागा खातं, आणि बुबुळाचा पट्टा कागदावर तेवढाच असतो. छटा द्यायला वेळ उरत नाही, आणि दिली तर रेघ कुठे टेकली तेच दिसेनासं होतं. मुलीच्या उत्तरपत्रिकेत बुबुळावरची छटा इतकी गडद होती की बाहुलीची रेघ कुठे थांबली हे मला कागद उजेडाकडे तिरपा धरून बघावं लागलं.

बोर्डाच्या परीक्षेनंतर गुणांबद्दल शंका राहिलीच, तर निकालानंतर ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि तिच्या आधारे पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. आपलं मुंबई विभागीय मंडळ वाशीला आहे. छायाप्रत हाती आली की आधी रेघांची टोकं बघा, आणि अर्जाचं ठरवण्याआधी ती घेऊन माझ्याकडे या.

त्या मुलीनं सोमवारी मला नवीन आकृती आणून दाखवली. पापण्यांचे केस या वेळीही आहेत, ते तिला आवडतात म्हणून मी राहू दिले. पारपटलाला फुगवटा आहे, भिंग बुबुळाच्या पाठीला टेकलं आहे, आणि बाहुलीची रेघ कोऱ्या कागदावर, बरोबर मोकळ्या जागेत थांबली आहे. दृष्टिचेता तिनं मधोमध काढून खोडली आणि बाजूला काढली, खोडल्याची पुसट खूण अजून दिसते. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बाबांचा ठिपका 28 सेंटिमीटरला गेला, माझा 31 ला.’

आपली,
विज्ञान शिक्षिका, इयत्ता दहावी